क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि साठीनंतरच्या मांड्या

साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात रक्ताचा रिपोर्ट आला की आधी साखर बघतात, मग कोलेस्टेरॉल, आणि मग नजर थांबते ती 'सिरम क्रिएटिनिन' या ओळीवर. ही ओळ किडनीची, हे आता सगळ्यांना पाठ आहे. हल्ली त्याच घरात फ्रीजवर एक पांढऱ्या पावडरीचा डबाही दिसू लागलाय. जिमला जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने आणलेला, वर लिहिलेलं असतं 'क्रिएटिन मोनोहायड्रेट'. दोन्ही नावांत फरक एका अक्षराचा, आणि मग संवाद ठरलेला.

"अरे, किडनी बिघडली की वाढतं ते हेच ना?"

"नाही गं आई, ते क्रिएटिनिन. हे क्रिएटिन."

"म्हणजे तेच की!"

आईचं 'तेच की' अर्धं बरोबर आहे, आणि सगळी गंमत त्या अर्ध्यात आहे. क्रिएटिन वापरून निकामी झालं की त्याचं क्रिएटिनिन होतं. लाकूड आणि राख यांच्यात जे नातं, तेच या दोघांत. किडनी राख बाहेर टाकते. राख साठू लागली तर झाडणारा आळसावला असेल, किंवा चुलीत लाकडं जास्त पडली असतील. रिपोर्टातला आकडा हे दोन्ही एकाच तऱ्हेने दाखवतो. वयस्कर माणसांनी क्रिएटिन घ्यावं की नाही, याचे बहुतेक घोळ इथून सुरू होतात, म्हणून मी इथूनच सुरुवात करतो.

क्रिएटिन हे काही जिमवाल्यांनी शोधलेलं रसायन नाही. मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली ते मांसाच्या अर्कातून वेगळं काढलं, आणि नावही मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आपलं शरीर ते रोज साधारण एक ग्रॅम स्वतः बनवतं. त्यात किडनी आणि यकृत दोघांचा हात असतो. मांस-मासे खाणाऱ्यांना आणखी साधारण एक ग्रॅम ताटातून मिळतं. शाकाहारी माणसाच्या ताटातून जवळजवळ काहीच येत नाही. दुधात ते इतकं थोडं असतं की लिटरभर प्यायलं तरी हिशेबात धरण्याजोगं होत नाही, आणि डाळींत तर नसतंच. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळातच कमी असतो, आणि बाहेरून दिल्यावर तो भरतोही जास्त.

सत्तर किलोच्या माणसात हा साठा साधारण १२० ग्रॅम असतो, त्यातला ९५ टक्के स्नायूंत. त्याचं काम अगदी थोड्या सेकंदांचं, पण मोक्याचं. खुर्चीतून उठताना, जिन्याची पहिली पायरी चढताना, घसरलेला पाय सावरताना स्नायूला तातडीने ऊर्जा लागते. ती संपत आली की क्रिएटिनचंच रूप असलेलं क्रिएटिन फॉस्फेट लगेच ती भरून देतं. ही मदत दहाएक सेकंद टिकते. चालताना तिचं फारसं काम पडत नाही. वजन उचलताना पडतं. साठा भरलेला असेल तर दहाऐवजी अकरा, कधी बारा वेळा वजन उचललं जातं. या एक-दोन जास्तीच्या खेपा, जिमच्या भाषेत 'रेप', महिनोन्महिने जमत गेल्या की त्यातून स्नायू थोडा जास्त वाढतो. क्रिएटिन स्वतः स्नायू बांधत नाही, बांधकामाला एक मजूर जास्त देतं. बांधकामच सुरू नसेल तर मजूर नुसता बसून राहणार.

हे तपासूनही झालंय. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी झालेल्या स्त्रियांना दोन वर्षं रोज ३ ग्रॅम क्रिएटिन दिलं, व्यायाम मात्र दिला नाही. दोन वर्षांनी हाडांत फरक नाही, स्नायूंत नाही, ताकदीतही नाही. उलट, कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाचे फिलिप चिलिबेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली वयस्कर लोकांवरचे २२ प्रयोग, एकूण ७२१ माणसं, एकत्र तपासली. या सगळ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा व्यायाम केला होता. त्यांतल्या क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरणारं वजन, नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी १.३७ किलोने जास्त वाढलं होतं. छातीने आणि पायांनी ढकलण्याची ताकदही जास्त वाढली होती.

या १.३७ किलोचा अर्थ जपून लावायला हवा. क्रिएटिन स्नायूच्या पेशीत पाणी ओढून घेतं, आणि मोजणारं यंत्र ते पाणीही 'चरबी नसलेलं वजन' म्हणून धरतं. म्हणजे हा सगळा नवा स्नायू नाही. ताकदीतली वाढ मात्र पाण्याने होत नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो. हाडं मजबूत होतील ही जाहिरातही बाजूला ठेवावी. चिलिबेक यांच्याच गटाने पुढे २३७ स्त्रियांवर दोन वर्षांचा प्रयोग केला, व्यायामासकट. हाडांची घनता क्रिएटिनने वाढली नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या घडणीत थोडा फायदा दिसला, एवढंच.

आता एक उदाहरण धरून चालू. काकू ६६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, वजन ५८ किलो, शाकाहारी. रक्तदाबाची एक गोळी चालू, साखर ठीक. तक्रार एकच: सोफ्यातून उठताना हाताचा आधार लागतो. सुरुवातीचं क्रिएटिनिन ०.८. रिपोर्टात त्याच्याखाली ईजीएफआर नावाचा आकडा असतो. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा तो अंदाज. वय, स्त्री की पुरुष, आणि क्रिएटिनिन एवढ्या तीनच गोष्टींवरून तो सूत्राने काढतात. प्रत्यक्ष गाळणी कोणी मोजलेली नसते. काकूंचा आकडा सध्याच्या २०२१ च्या सूत्राने येतो ८१. उत्तम.

काकू रोज ३ ग्रॅम घेऊ लागल्या. महिन्याभरात त्यांचा साठा साधारण वीस टक्क्यांनी भरला असं धरू. साठ्यातलं पावणेदोन टक्क्यांच्या आसपास क्रिएटिन रोज आपोआप क्रिएटिनिन बनतं. त्याला ना एन्झाइम लागतं, ना कोणाची परवानगी. साठा वीस टक्के वाढला की राखही वीस टक्के वाढली. किडनी तेवढ्याच वेगाने झाडतेय, त्यामुळे रक्तातला आकडाही त्याच प्रमाणात चढतो: ०.८ चा साधारण ०.९५. सूत्रात हा आकडा घातला की ईजीएफआर येतो ६६. कागदावर काकूंची किडनी तीन महिन्यांत पंधरा अंकांनी घसरली, आणि खरी किडनी मात्र होती तिथेच आहे.

सगळ्यांचा आकडा इतका चढत नाही. पुष्कळांचा ०.१ च्या आत हलतो, काहींचा हलतही नाही. पण ज्याचा हलतो त्याच्या घरी त्या संध्याकाळी जे होतं ते सांगायला नको. डबा कचऱ्यात, व्यायाम बंद, आणि मुलाला फोन.

या गोंधळावर साधा उपाय आहे, पण तो पावडर सुरू करण्याआधी करायचा असतो. रक्तात सिस्टॅटिन सी नावाचं एक प्रथिन असतं. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी ते बनवतात, किडनी ते गाळते, आणि क्रिएटिन घेतल्याने ते बदलत नाही. मोठ्या लॅबमध्ये ही तपासणी होते, क्रिएटिनिनपेक्षा महाग पडते. सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन, सिस्टॅटिन सी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, अशा तीन गोष्टी करून कागद जपून ठेवायचे. बारा आठवड्यांनी पुन्हा त्याच लॅबमध्ये त्याच तीन तपासण्या करायच्या.

क्रिएटिनिन वाढलंय, पण सिस्टॅटिन सी होतं तिथेच आहे आणि लघवीतलं अल्ब्युमिन ३० च्या आत, तर ती जास्तीची राख. सिस्टॅटिन सी पण वाढलंय, किंवा लघवीत अल्ब्युमिन दिसू लागलंय, तर दोष पावडरीवर ढकलून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. आणखी एक खूण आहे. क्रिएटिनमुळे वाढलेला आकडा एक पायरी चढून थांबतो, कारण साठा भरला की भरला. पुढच्या तपासणीत तो आणखी चढला, त्यापुढच्या वेळी आणखी, तर ही पायरी नव्हे, जिना आहे, आणि त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. मला भीती वाटते ती या दुसऱ्या चुकीची. 'ते काय, क्रिएटिनमुळे असेल' म्हणून खराखुरा किडनीचा आजार सहा महिने झाकून राहणं, हे उगाच घाबरून डबा फेकण्यापेक्षा कितीतरी वाईट. सिस्टॅटिन सीलाही आपले रुसवे आहेत: थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही चुकीचं वाचलं जातं, म्हणून ते डॉक्टरांना सांगून ठेवावं.

या तपासणीचा दुसराही फायदा होतो, ज्याचा पावडरीशी काही संबंध नाही. काटकुळ्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं. किडनी थोडी खराब असली तरी आकडा ०.८ दिसतो आणि सगळे निर्धास्त राहतात. म्हणजे काकूंचा सुरुवातीचा ८१ सुद्धा कदाचित फुगवलेला असेल. ते सिस्टॅटिन सीनेच कळतं.

रक्त देण्याच्या आधीचे दोन दिवसही महत्त्वाचे. आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायाम झाला असेल किंवा रात्री मटणावर ताव मारला असेल तर क्रिएटिनिन पावडरीविनाही वाढतं. म्हणून दोन दिवस वजनं उचलायची नाहीत, आदल्या रात्री साधं जेवण, आणि सकाळी पावडर न घेता रक्त द्यायचं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. लॅबच्या कागदावर किंवा डॉक्टरांना 'क्रिएटिन रोज ३ ग्रॅम, अमुक तारखेपासून' हे लिहूनच द्यायचं. ही औपचारिकता नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसारख्या औषधाचा डोस ईजीएफआर पाहून कमी करतात किंवा औषध बंद करतात. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध द्यायचं की नाही, तेही याच आकड्यावरून ठरतं. खोट्या आकड्यावर खरा निर्णय नको.

ज्यांचा ईजीएफआर सुरुवातीलाच ६० च्या खाली आहे, लघवीत अल्ब्युमिन जातंय, एकच किडनी आहे किंवा किडनीत गाठींचा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी त्या गोळ्यांचं काय ते बघावं. त्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी, ही तीन एकत्र आली की किडनीला खरोखरच त्रास होऊ शकतो, आणि नाव मात्र पांढऱ्या पावडरीचं होतं.

आता पावडर. घ्यायचं ते साधं मोनोहायड्रेट. हायड्रोक्लोराइड, बफर केलेलं, गोळ्या, चघळायच्या वड्या यांतलं काहीही त्याहून चांगलं ठरलेलं नाही. एथिल एस्टर नावाचा प्रकार तर पोटातच बराचसा क्रिएटिनिन बनतो, म्हणजे पैसे देऊन राख विकत घ्यायची. डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांत फक्त एकच नाव असावं. स्वाद, गोडी, कॅफिन, 'प्री-वर्कआउट मिश्रण' असलं काही असेल तर डबा परत ठेवावा; त्यातलं कॅफिन रक्तदाबवाल्यांना नको असतं.

डब्यावर 'लोडिंग' म्हणून पहिले पाच-सात दिवस रोज २० ग्रॅम घ्यायला सांगितलेलं असतं. ते तरुण खेळाडूंच्या घाईसाठी. स्वीडनमध्ये एरिक हल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की रोज ३ ग्रॅम घेतलं तरी साठा तेवढाच भरतो, फक्त सहा दिवसांऐवजी चार आठवडे लागतात. काकूंना काही स्पर्धेला जायचं नाही. एकदम दहा ग्रॅम घेतलं की जुलाब होण्याची शक्यता चांगलीच वाढते, आणि या वयात दोन दिवस पोट बिघडलं की माणूस आठवडाभर मागे जातो. म्हणून ५८ किलोच्या बाईला रोज ३ ग्रॅम, ऐंशी किलोच्या काकांना ५, एवढं पुरे. २५० ग्रॅमचा डबा ३ ग्रॅमच्या हिशेबाने ८३ दिवस जातो, म्हणजे जवळजवळ बरोबर बारा आठवडे. डबा संपत आला की दुसऱ्या तपासणीची वेळ झाली.

डब्यातला स्कूप बहुतेक वेळा ५ ग्रॅमचा असतो, काहींत ३ चा. घरातल्या चमच्यावर भरवसा ठेवू नये, कारण पावडर किती बारीक आहे आणि चमचा सपाट की शीग, यावर एक चमचा तीनचा पाच होतो. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा असेल तर एकदा मोजून बघावं आणि त्या उंचीवर चमच्याच्या आत खूण करून ठेवावी.

विरघळण्याचा मुद्दा बारीक आहे, पण त्यावरून फार तक्रारी होतात. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण १४ ग्रॅमच विरघळतं. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅम टाकलं तर थोडी वाळू तळाला राहणारच. फ्रीजच्या गार पाण्यात तर निम्म्याहून जास्त तळाशी बसेल. 'माल खोटा आहे, विरघळत नाही' म्हणून डबा परत करणारे लोक याच वाळूवर चिडलेले असतात. कोमट पाण्यात किंवा पिण्याजोग्या गरम चहात ते सहज विरघळतं. चहाने काही बिघडत नाही, फक्त लगेच प्यायचं. लिंबू सरबत किंवा ताकात कालवून सकाळी ठेवलं आणि संध्याकाळी प्यायलं, असं मात्र करू नये. आंबट, ओल्या जागी पडून राहिलं की क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होतं. कालवून लगेच प्यायलं तर आंबटपणाची भीती नाही.

'फळांच्या रसातून घ्या' हा सल्ला जुन्या प्रयोगांतून आलाय. साखरेने शोषण वाढतं खरं, पण त्यासाठी साखर लागते ती शंभर ग्रॅमच्या आसपास. मधुमेही माणसाने हा सल्ला वाचलाच नाही असं समजावं. व्यायामाआधी की नंतर, सकाळी की रात्री, याने फरक पडत नाही. रोज घेतलं जाणं महत्त्वाचं, म्हणून रक्तदाबाच्या गोळीशेजारी डबा ठेवावा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावर अर्धा ते दीड किलो वाढतो. हे स्नायूंतलं पाणी. पण ज्याला हृदयाचा अशक्तपणा आहे आणि रोज वजन बघायला सांगितलंय, त्याच्या बाबतीत हीच वाढ डॉक्टरांना चुकीचा इशारा देऊ शकते. तिथे आधी विचारूनच. पाय सुजत असतील, धाप लागत असेल, तर ते क्रिएटिनचं पाणी नव्हे.

आता बांधकाम, ज्याशिवाय मजूर बसून राहतो. आपल्याकडे 'मी रोज पाच किलोमीटर चालतो' हे वाक्य व्यायामाच्या सगळ्या चर्चेवर पूर्णविराम म्हणून वापरलं जातं. चालणं हृदयाला उत्तम, पण मांडीच्या स्नायूला त्यात जड असं काही उचलावं लागत नाही. सूर्यनमस्कारांचंही थोडं तसंच: सुरुवातीला जोर लागतो, पण शरीराचं वजन तेवढंच राहत असल्याने वर्षभराने तो भार नेहमीचा होतो. स्नायूला भार वाढत जाणारा लागतो.

काकूंनी पहिल्या दिवशी मोजायचं ते एवढंच. भिंतीला टेकवलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रियांत ११ ते १६ हे साधारण ठरतं. काकूंचे झाले ९. दुसरी खूण पाच वेळा उठून बसायला लागणाऱ्या वेळेची. आशियाई माणसांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत बारा सेकंद किंवा जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता कमी पडतेय असं धरतात. पोटरीचा घेरही टेपने मोजून ठेवावा. स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली तो गेला असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचाच. सोमवारी सुरुवात वजनाविना, आठ-आठच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. खाली बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी घालून उंची वाढवायची आणि पुढच्या आठवड्यात ती काढायची. प्रत्येक फेरीच्या शेवटी स्वतःला विचारायचं, आणखी किती जमले असते? दोन-तीन, तर भार बरोबर. सहा-सात जमले असते तर भार कमी आहे. एकही जमला नसता तर जास्त झाला.

तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा सहज होऊ लागले की नातवाची शाळेची बॅग, पुढच्या बाजूला घेऊन, पोटाशी धरून. तीत पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्या. एक बाटली म्हणजे एक किलो, काटा लागतच नाही. दोन बाटल्यांनी सुरुवात करायची, रेप पुन्हा आठवर येतील, ते बारापर्यंत न्यायचे, मग आणखी एक बाटली. ठीक चाललं तर बाराव्या आठवड्याला बॅगेत सहा-सात बाटल्या असू शकतात. याबरोबर ओट्याला हात टेकवून तिरके दंड, दाराच्या कडीत नव्हे तर खिडकीच्या पक्क्या गजात अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं, आणि टाचा उचलणं. एवढे चार पुरेत. उठताना श्वास सोडायचा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो.

इथे होणारी चूक बहुतेक घरांत एकच असते. एक-एक किलोचे गुलाबी डंबेल आणले जातात आणि वर्षभर तेच, तीस-तीस वेळा हलवले जातात. घाम येतो, समाधान होतं, पण स्नायूला काही कळत नाही. म्हणून वहीत तारीख, बाटल्या आणि रेप लिहायचे. तीन आठवडे वहीत तेच आकडे असतील तर क्रिएटिन वाया चाललंय. गुडघा दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर बाटली कमी करायची आणि उशी परत घालायची; व्यायाम सोडायचा नाही.

प्रथिनांबद्दल थोडक्यात: किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे काकूंना साधारण साठ-सत्तर. रात्रीच्या आमटी-भातात ते बसत नाही. पनीर, घट्ट दही, उसळ, सोयाबीन यांतलं काहीतरी रोज दोन जेवणांत लागेल. किडनीचा आजार असेल तर हाही आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

बारा आठवड्यांनी काकू त्याच खुर्चीवर, तीच घडी घातलेले हात. ९ चे १३ झाले तर त्यातला क्रिएटिनचा वाटा किती हे काकूंपुरतं कोणीच सांगू शकत नाही. मोठा वाटा बाटल्यांचा असणार, आणि पावडरीचा त्यावर थोडा. नऊचे नऊच राहिले तर आधी वही उघडायची. बाटल्या वाढल्याच नसतील तर पावडरीला दोष नाही. बाटल्या वाढल्या, प्रथिनं ठीक, तरीही उठणं तसंच असेल तर थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी यांच्याकडे बघायला हवं. काही लोकांचा साठा मुळातच भरलेला असतो, विशेषतः रोज मासे खाणाऱ्यांचा. त्यांना फरक जाणवत नाही. तसं दिसलं तर दुसरा डबा आणायचं कारण नाही.

आणि कधी बंद केलं, तर चार ते सहा आठवड्यांत साठा मूळ पातळीवर येतो. ज्यांना सिस्टॅटिन सीची तपासणी करता आली नाही त्यांनी याचाच उपयोग करावा: डॉक्टरांना सांगून सहा आठवडे पावडर बंद, मग पुन्हा क्रिएटिनिन. ०.९५ चा परत ०.८ झाला तर तो आकडा राखेचाच होता. या सहा आठवड्यांत काट्यावर एखादा किलो उतरेल, आणि काकू म्हणतील की सगळं कमावलेलं गेलं. अशा वेळी काटा नाही बघायचा. बॅग काढायची, सहा बाटल्या भरायच्या आणि खुर्चीवर बसायचं.